वेचणीचे दिवस आणि सातवीतली मुलगी: गरिबी की संस्कृती, एका घराचा हिशेब

कापसाच्या गावात जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना विचारा की दिवाळीनंतर वर्ग अर्धा का दिसतो. उत्तर बहुधा तयार असतं: "पालकांनाच शिक्षणाचं महत्त्व नाही." तोच प्रश्न पालकांना विचारला तर उत्तर येतं, "परिस्थिती नाही, साहेब." बालमजुरीवर गेली कित्येक वर्षं चाललेला वाद या दोन वाक्यांत मावतो. एक बाजू म्हणते की मुलं कामाला जातात ती पोटासाठी. दुसरी म्हणते की पोट सगळीकडेच असतं, खरा फरक रीतीभातीत आणि समजुतींत आहे.

अभ्यासकांमध्ये या वादाची दोन टोकं ठळक आहेत. मायरन वीनर यांनी १९९१ मध्ये मांडलं की भारतात बालमजुरी टिकून राहिली त्याचं मूळ कारण गरिबी नाही, कारण इतर कित्येक देशांनी गरीब असतानाच शिक्षण सक्तीचं केलं होतं. कौशिक बसू आणि फाम होआंग व्हान यांनी १९९८ मध्ये उलट बाजूनं सुरुवात केली. आईबापांना मूल कामाला लावायची हौस नसते, मोठ्यांची कमाई गरजेच्या खाली गेली तरच ते मुलाला पाठवतात, हे त्यांनी गृहीत धरलं आणि पुढचं गणित त्यावर उभं केलं. वीनर यांच्याबद्दल एक गोष्ट सहसा विसरली जाते. त्यांचा रोख गरीब आईबापांवर नव्हताच. अधिकारी, शिक्षक आणि मध्यमवर्ग यांना मनातून वाटतं की गरिबाच्या पोरानं हातानं राबावं, यावर त्यांचं बोट होतं. आपल्याकडे मात्र 'संस्कृती' हे कारण पालकांच्याच पदरात टाकलं जातं, आणि टाकणारे बहुतेक वेळा तेच असतात ज्यांच्याबद्दल वीनर बोलत होते.

हा वाद मोठ्या आकड्यांवर सुटत नाही असं माझं मत आहे. तो घरात, एका आठवड्याच्या चुकाऱ्याच्या हिशेबात पाहावा लागतो. खाली मांडलेलं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातलं आहे. तीन-चार घरांचे तपशील एकत्र करून ते उभं केलं आहे, त्यामुळे त्यातले रुपये आणि दिवस हिशेब दाखवण्यापुरते धरावेत. नाव मुद्दामच कुणाला दिलेलं नाही.

घर

तीन एकर वावर, सगळं पावसाच्या भरवशावर. दोन एकरांत पऱ्हाटी, एकात तूर आणि थोडं सोयाबीन. घरात नवरा-बायको, मोतीबिंदूनं जवळजवळ दिसेनासं झालेली बुढी आजी, बारा वर्षांची मुलगी सातवीत, दहा वर्षांचा मुलगा पाचवीत आणि अडीच वर्षांचा धाकटा. बापाचं जुनं पीककर्ज थकलेलं असल्यामुळे बँकेनं नवं दिलं नाही. म्हणून जूनमध्ये बियाणं आणि खतासाठी बाईच्या नावावर गटाचं तीस हजारांचं कर्ज उचललं. त्याचा हप्ता दर आठवड्याला साडेसहाशे, वर्षभर. हप्ता बाजाराच्या दिवशी भरायचा आणि चुकला तर गटातल्या बाकीच्या बायका दारात येऊन बसतात. याखेरीज किराणा दुकानात पावसाळ्याभराची उधारी.

मुलीची शाळा जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ अखंड चालली होती. निंदणाच्या दिवसांतसुद्धा ती क्वचितच घरी राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. घराला शिक्षणाची किंमतच नसती, तर गैरहजेरी वर्षभर सारखी पसरलेली दिसली असती. इथे ती नोव्हेंबर उजाडल्यावर एकदम सुरू झाली.

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा झाली, पहिला वेचा घरच्या वावरात निघाला, आणि मग आई दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं वेचायला जाऊ लागली. वेचणीची मजुरी किलोवर असते. जेवढा कापूस ओटीत, तेवढा पैसा. सकाळच्या दवात कापूस जड लागतो म्हणून मजूर लवकर निघू पाहतात, आणि ओल्या कापसाचं वजन देणं नको म्हणून शेतमालक उशिरा सुरुवात करायला सांगतो. ही ओढाताण प्रत्येक गावात आहे. हंगामाच्या सुरुवातीला बोंडं भरपूर आणि दर कमी असतो. पुढे मजूर मिळेनासे होतात, दर चढतो आणि मालक ऑटो पाठवायला लागतो.

एका दिवसाची किंमत

धाकट्याला घरी ठेवून आई गेली, तर दिवसाला चाळीस किलो वेचते. त्याला सोबत नेलं तर पंचवीस. पोरगं सारखं अंगाशी येतं, बांधावरच्या झोळीत झोपत नाही, पाणी मागतं, पऱ्हाटीच्या काड्यांनी खरचटतं. किलोला दहा रुपये धरले तर चारशे आणि अडीचशे. मुलगी घरी राहिली, तर तिच्या त्या दिवसाची किंमत दीडशे रुपये. तिनं बाहेर जाऊन एक पैसाही कमावलेला नाही.

आता तीच मुलगी आईसोबत वेचायला गेली असती तर? बारा वर्षांची मुलगी दिवसभरात पंधरा-सोळा किलो वेचू शकते, म्हणजे दीडशे-एकशेसाठ रुपये. दोन्ही रकमा जवळपास सारख्याच निघतात. घराच्या तिजोरीला मुलगी बाहेर राबली काय आणि घरी धाकट्याला घेऊन बसली काय, फरक पडत नाही. कायद्याला मात्र फार पडतो. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आहे, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाला मदत करायला मुभा आहे. दुसऱ्याच्या वावरात वेचणारी मुलगी बालमजूर ठरते आणि मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. चुलीपाशी भावाला सांभाळणारी मुलगी कुणाचीच मजूर नसते. ती शाळेच्या वेळेतच घरी असते हे खरं, पण तिथे पकडायला मालक कोण? २०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वयोगटातली एक कोटी एक लाख मुलं कामकरी म्हणून मोजली गेली. त्यात घर सांभाळणारी ही मुलगी नाही, कारण घरकाम आणि मुलं सांभाळणं ही जनगणनेच्या व्याख्येत आर्थिक कामं नाहीत.

आठवड्याचा हिशेब लावला की चित्र आणखी उघड होतं. सहा दिवस चाळीस किलोनं चोवीसशे रुपये, पंचवीस किलोनं पंधराशे. फरक नऊशेचा, आणि गटाचा हप्ता साडेसहाशेचा. बाजाराच्या दिवशी चुकारा हातात आला की त्यातून आधी हप्ता वेगळा काढला जातो. मुलीच्या घरी राहण्यानं घरात आलेला पैसा आधी त्या हप्त्यात जातो. आई हे असं मोजून सांगत नाही. ती म्हणते, "मी त्याले वावरात नेलं तं हप्ता निंगत नाही, अन् नाही नेलं तं त्याले कोन पाहीन?"

म्हणजे गरिबीचं उत्तर बरोबर ठरलं का? अर्धंच. घराची वर्षाची मिळकत किती आहे यापेक्षा इथे प्रश्न आहे तो कोणत्या आठवड्यात किती रोख हाताशी आहे याचा. वर्षभराची बेरीज तीच राहून हप्ता महिन्याचा असता, किंवा पीककर्ज वेळेवर मिळालं असतं, तरी गैरहजेरीचे कित्येक दिवस कमी झाले असते. याला विदर्भातलाच जुना आधार आहे. कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या इक्रिसॅट या संस्थेनं १९७५ पासून ज्या गावांची घरोघरची नोंद ठेवायला घेतली, त्यात अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा ही गावंही होती. या संस्थेच्या गावांतल्या नोंदींवर हनान जेकोबी आणि इमॅन्युएल स्कुफियास यांनी १९९७ मध्ये दाखवलं की मिळकत खाली येते त्या काळात मुलांची शाळेतली हजेरीही खाली येते. ज्या घराला कर्ज सहज मिळत नाही, ते घर मुलाच्या शाळेच्या दिवसांतूनच उसनं काढतं. फरक इतकाच की हे उसनं मुलाला कुणी परत करत नाही.

दर चढला तेव्हा

आता गरिबीच्या उत्तराची खरी परीक्षा. मूल केवळ गरजेपोटी शाळेबाहेर राहत असेल, तर कमाई वाढली की ते परत शाळेत जायला हवं. या घरात नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दर आठ रुपये होता, तेव्हा मुलगी आठवड्यातले दोन दिवस घरी राहत होती. महिनाअखेर दर दहावर गेला, ऑटो दारात यायला लागला, आणि मुलगी सहातले पाच दिवस घरी राहू लागली. डिसेंबरच्या मध्यावर किराण्याची उधारी फिटली. तरीही ती शाळेत परतली नाही.

दर वाढला की दोन गोष्टी एकदम घडतात. घराची ओढ थोडी कमी होते, त्यानं मूल शाळेकडे झुकायला हवं. त्याच वेळी आईचा एकेक तास महाग होतो, आणि आईचा तास वाचवणाऱ्या मुलीचा दिवसही महाग होतो. आठ रुपयांना मुलीच्या दिवसाची किंमत एकशेवीस होती, दहाला ती दीडशे झाली. त्यातच ऑटो साडेसातला निघतो आणि सहाला परत आणतो, त्यामुळे आधी जवळच्या वावरातून दुपारी घरी चक्कर मारून जाणारी आई आता दिवसभर गावाबाहेर. या घरात दुसरी ओढ पहिलीवर भारी पडली. मजुरी वाढली की बालमजुरी आपोआप घटते, हे भाषणात सोपं वाटणारं वाक्य म्हणूनच जपून वापरावं. फार खोल गरिबीतून घर वर येतं तेव्हा ते खरं ठरतं. मधल्या पायरीवर, हंगामाच्या दिवसांत, काही आठवडे ते उलटंही चालतं.

या तुलनेतही एक गोम आहे. दर चढत असताना थंडीही वाढत होती, आणि धाकट्याला खोकला झाला होता. आईनं त्याला वावरात न नेण्यामागे तेही कारण होतं. एकाच घराच्या एका हंगामावरून दराचा परिणाम आणि खोकल्याचा परिणाम सुटा करता येत नाही. म्हणून शेजारची घरं पाहणं भाग पडतं.

मुलगाच का नाही?

इथवर संस्कृतीचं नाव काढावं लागलं नाही. आता काढावं लागेल.

धाकट्याला सांभाळायला घरात दोन मुलं होती. दहा वर्षांचा मुलगा अडीच वर्षांच्या भावाला दिवसभर सांभाळू शकला असता. निदान दोघांनी दिवस वाटून घेतले असते. तसं कुणी म्हटलंच नाही. आईनं नाही, बापानं नाही, मुलीनंही नाही. मी बापाला विचारलं तेव्हा तो आधी हसला आणि म्हणाला, "पोट्ट्याच्यानं होते का ते? तो त्याले सोडून खेळाले पळन." आजीचं उत्तर अधिक सरळ होतं: "पोरीच्या जातीले हे कराच लागते. आताच शिकली तं बरं." पाचवीतला मुलगा त्या संपूर्ण हंगामात तापाचे दिवस सोडले तर रोज शाळेत होता.

रीतीचं काम इथे दिसतं. शाळेचे दिवस मोडायचे की नाही, हे रोख आणि दरानं ठरवलं. कुणाचे मोडायचे, हे रीतीनं ठरवलं, आणि इतक्या आधीपासून ठरवलेलं होतं की त्यावर बोलावंही लागलं नाही. घरोघरी विचारताना म्हणून मी एकच प्रश्न नेमानं विचारते: "दुसरं कोण राहू शकलं असतं?" या प्रश्नाला जिथे माणसं गोंधळतात किंवा हसतात, तिथे रीत बसलेली असते. "मुलगी शिकावी असं वाटतं का?" या प्रश्नाला सगळेच होय म्हणतात, आणि ते खोटंही नसतं.

पण रीतीला नुसती खलनायिका करणंही चुकीचं आहे. मघाचा हिशेब आठवा. वेचायला नेलं काय आणि घरी ठेवलं काय, मुलीच्या दिवसाची किंमत सारखीच होती. हंगामाच्या शेवटी धाकटा चार दिवस आजोळी गेला होता. तेव्हा मुलगी मोकळी होती आणि ऑटोत जागा होती. आईनं तिला नेलं नाही. "लोकाईच्या वावरात पोरगी नाही नेत मी," ती म्हणाली. मोठी होत चाललेली मुलगी परक्याच्या वावरात, ऑटोत दाटीवाटीनं, हे तिला घराच्या इभ्रतीला धरून वाटलं नाही. म्हणजे जी समजूत मुलीला घरात अडकवते, तीच तिला मजुरीपासून अडवतेही. बसू-व्हान यांच्या गणितातली गरजेची पातळी भाकरीवर तोलून काढता येत नाही. ती कुठे आखायची हे गाव आणि भावकी मिळून ठरवतात.

शेजारचं घर

त्याच आळीत दोन दारं सोडून एक घर आहे. तीच जात, तोच देव, लग्नकार्यात एकमेकांकडे उठबस. या घराकडे आठ एकर वावर, बैलजोडी, एक गाय आणि दहा-बारा बकऱ्या. गटाचं कर्ज नाही. आणि तिथला तेरा वर्षांचा मुलगा या मुलीपेक्षा अधिक दिवस शाळेबाहेर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये डवरणीला बापाच्या मागे, बाकी दिवस बकऱ्यांमागे. त्याला कुणी मजुरी देत नाही, म्हणून शाळेच्या वेळेत राबत असला तरी कायद्याच्या नजरेला तोही घरच्यांना मदत करणारा मुलगाच दिसतो. बाप म्हणतो, "नोकऱ्या कुठं आहेत? वावर तं त्यालेच कराचं आहे."

गरिबीनं मुलं कामाला लागतात म्हणावं तर जास्त वावर असलेल्या घरातला मुलगा जास्त राबतो. सोनिया भालोत्रा आणि क्रिस्टोफर हेडी यांनी २००३ मध्ये पाकिस्तान आणि घानाच्या खेड्यांतल्या आकडेवारीत हेच कोडं दाखवलं होतं, की जमीनवाल्या घरांतली मुलं भूमिहीनांच्या मुलांपेक्षा जास्त काम करताना दिसतात. उकल फार गूढ नाही. वावर आणि बकऱ्या असल्या की मुलासाठी घरातच काम तयार असतं, आणि बाहेरचा गुराखी ठेवायचा तर मजुरी द्यावी लागते, शिवाय जनावर कुणाच्या भरवशावर सोडायचं हा घोर. भूमिहीन घराकडे मुलाला द्यायला कामच नसतं. या आळीच्या टोकाला असलेल्या अगदी भूमिहीन घरातली दोन्ही मुलं आश्रमशाळेत आहेत, तिथे जेवण आणि राहणं सुटतं म्हणून. सगळ्यात गरीब घरातली मुलं सगळ्यात नियमित शिकताहेत.

गुरुजी या तिन्ही घरांना एकच शब्द लावतात: उदासीन. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. पहिल्या घराला बाळाला सांभाळणारं कुणी हवं आहे. दुसऱ्याला शाळेतून पुढे काही मिळेल याचा भरवसा नाही. तिसऱ्याला तक्रारच नाही.

वही

जानेवारीत बोंडं सरली, ऑटो बंद झाला. हिशेबाप्रमाणे मुलगी आता शाळेत परतायला हवी होती. ती परतली, पण आठवड्यातले तीन-चार दिवस. बाकी दिवस घरी, काहीच कारण नसताना. आईनं विचारलं तर पोट दुखतं. बापाचा निष्कर्ष झाला: "तिलेच आता आवड नाही राह्यली."

हजेरीपत्रकात यातलं फारसं दिसलं नाही. तिथे तिच्या नावापुढे नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही हजेरीच्या खुणा बऱ्याच होत्या. यात गुरुजींचा वैयक्तिक लबाडपणा शोधण्याची गरज नाही. शाळेतली शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे सरकार पदं मंजूर करतं तेव्हा, पटावर ठरतात, आणि लांब गैरहजेरी लिहिली की ते मूल शाळाबाह्य धरावं लागतं, मग त्याचे खुलासे. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं खूण करून टाकणं सोपं. म्हणून मला हजेरीपत्रकापेक्षा वही अधिक भरवशाची वाटते. मुलीच्या गणिताच्या वहीत पानाच्या कोपऱ्यात तारीख लिहायची शिस्त होती. समप्रमाणाची उदाहरणं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत व्यवस्थित, लाल शेऱ्यासह. मग दोन कोरी पानं, मैत्रिणीकडून उतरवून घेण्यासाठी सोडलेली. व्यस्तप्रमाणाचं एकच उदाहरण, तेही अर्धं. त्यानंतर थेट जानेवारीची तारीख, आणि सरळव्याजाचं सूत्र फळ्यावरून जसंच्या तसं उतरवलेलं. त्याखाली तिनं सोडवलेलं काहीच नाही.

आवड इथे गेली. वर्गात गणित पुढे निघून गेलेलं, विचारायला लाज, आणि चुकलं की बाकीची मुलं हसतात. हंगामानं पाडलेलं भगदाड शाळेनं बुजवलं नाही, आणि नंतर जी नावड तयार झाली तिला सगळ्यांनी कारण मानलं. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. शाळेत उशिरा आलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावं अशी तरतूद त्यात आहे. पण ते शाळाबाह्य म्हणून नोंद झालेल्या मुलासाठी, आणि पटावर हजर दिसणारी मुलगी शाळाबाह्य नसते. खूण तिच्या भल्यासाठी झाली असेलही, पण त्या खुणेनंच तिची वाट अडवली.

संस्कृतीच्या बाजूनं बोलणारे जेव्हा म्हणतात की पैसे आले तरी ही मुलं शाळेत येत नाहीत, म्हणजे प्रश्न मानसिकतेचा आहे, तेव्हा ते बहुधा जानेवारीतली मुलगी पाहत असतात. नोव्हेंबरमध्ये काय झालं ते त्यांनी पाहिलेलं नसतं.

औषध कुठलं

निदान चुकलं की औषध कसं वाया जातं, हे दोन उदाहरणांत दिसेल. उदासीनतेच्या निदानावर गावात प्रभातफेरी निघते. या घरातली मुलगी स्वतः त्या फेरीत घोषणा देत होती. गरिबीच्या निदानावर भत्ता मिळतो. दुर्बल घटकांतल्या मुलींना पहिली ते चौथीपर्यंत दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना १९९२ ची आहे. ही मुलगी सातवीत, म्हणजे तसाही तो तिला लागू नाही, पण लागू असता तरी एक रुपया आणि दीडशे रुपये यांची बरोबरी कशी व्हायची?

या घराची अडचण अडीच वर्षांच्या मुलाच्या वयात आहे. अंगणवाडीत बसवून घेतात ते तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना. त्याखालच्यांना घरी न्यायचा शिधा मिळतो, सांभाळणारं कुणी मिळत नाही. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, असं त्या कायद्यात आहे. खासगी वावरातल्या वेचणीला तसं काही नाही.

साधा हिशेब करून पाहू. गावात अशी दहा बाळं धरा आणि हंगामाचे साठ दिवस. सांभाळणाऱ्या बाईला २०२५-२६ चा राज्यातला रोजगार हमीचा दर, म्हणजे ३१२ रुपये रोज दिला तर अठरा हजार सातशेवीस. बाळामागे एकोणीसशेच्या आत. या घरात मुलगी चाळीस दिवस घरी राहिली, त्यातून घराला मिळाले जवळपास सहा हजार. म्हणजे दहा आया रोज एकतीस-बत्तीस रुपये काढायला तयार झाल्या, तर सरकारशिवायसुद्धा हे चालू शकतं आणि प्रत्येकीच्या हातात शंभराहून जास्त उरतात.

मग बायकांनी हे आपणहून का केलं नाही? मी विचारलं तेव्हा आधी टोळ्यांची कारणं आली. कुणाचा ऑटो साडेसातला, कुणी पायी नवाला जाणार, कुणाचं काम दोनच आठवडे. मग कुणाच्या हातचं पोराला खाऊ घालायचं, हा जातीचा प्रश्न, जो कुणी थेट बोललं नाही पण नावं घेताना दिसला. सगळ्यात शेवटी एक बाई म्हणाली, "घरी पोरगी असतानी पैसे कायले द्याचे?" बत्तीस रुपये खिशातून जाताना दिसतात. मुलीचा शाळेचा दिवस जातो तेव्हा कुणाच्या खिशातून काही जात नाही. गरिबी आणि रीत यांची गाठ इथे बसली आहे. रीतीनं मुलीच्या वेळेची किंमत शून्य धरली, आणि त्या शून्यापुढे कुठलंही पाळणाघर महागच पडणार. म्हणून सुरुवातीचा एक हंगाम तरी ते फुकट चालवावं लागेल, पंचायतीच्या पैशातून किंवा आणखी कुठून. नुसता भाव परवडतो म्हणून ते उभं राहणार नाही.

पाळणाघरानं शेजारच्या बकऱ्या सुटणार नाहीत, हेही सांगायला हवं. त्या मुलाच्या बापाला हवं आहे ते दहावीनंतर तालुक्यात काही दिसणं. आणि पाळणाघर एका वयापुरतं.

या घरात पुढच्या जूनमध्ये धाकट्याला तीन वर्षं झाली आणि त्याला अंगणवाडीत घातलं. अंगणवाडी दुपारी सुटते, आई सहाला येते. मधले तीन-चार तास कुणी काढायचे हा प्रश्न निघाला, तेव्हा मुलगी आठवीत गेली होती. गावची शाळा सातवीपर्यंतच, आठवी सहा किलोमीटरवर. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण गाडी संध्याकाळी पावणेसहाला. आठ दिवस घरात वाद चालला, आणि तो शिक्षणावर नव्हताच. अंधार पडायच्या आत गाडी येते का, सोबत कोण, यावर होता. शेजारच्या दोन मुली जाणार आहेत म्हटल्यावर बापानं दाखला काढला. दुपारी अंगणवाडीतून धाकट्याला आणायचं काम सहावीतल्या मुलाकडे आलं. शाळा लागूनच आहे, तो त्याला वर्गात घेऊन बसतो, आणि गुरुजी काही म्हणत नाहीत. गेल्या वर्षी ज्याच्यानं होणार नव्हतं, त्याच्यानं आता होतं, कारण दुसरं कुणी घरी नाही. वेचणी अजून सुरू व्हायची आहे. दर बारावर जाईल असं गावात बोललं जातंय.